कष्टातला ष

महंमद मुल्ला सरांच्या क्लासमधली मुलं शिराळ्यात लांबूनच ओळखू यायची. एस.टी.च्या थांब्यावर एक हात गळ्याला, दुसऱ्या हाताचं बोट कानात आणि ओठ हलताहेत असं कुणी दिसलं, की लोक समजून जायचे: एक तर अंगात आलंय, नाहीतर पोलीस भरतीची तयारी चाललीय.

टायरच्या दुकानावरच्या माडीत सर मराठीचं व्याकरण शिकवायचे. वर्णांच्या उच्चारस्थानांचा तक्ता त्यांनी भिंतीवर कधी लावलाच नाही. "पाठ केलेलं परीक्षेत विसरतं," ते म्हणायचे, "तोंड कुठं विसरून येणार? गळ्यापासनं निघा आणि ओठापर्यंत चालत या. क म्हणा, जीभ मागं गळ्याशी दबती: कंठ्य. च म्हणताना टाळूला जाती: तालव्य. ट ला वळणं घेत वर चढती, कोयनेच्या घाटात गाडी चढल्यागत. तो माथा म्हणजे मूर्धा. त ला दाताला धडकती आणि प ला ओठ मिटले, की उतरा खाली, स्टँड आलं." कानात बोट का घालायचं? तर आपला आवाज आपल्यालाच आतून ऐकू येतो म्हणून.

संयोगिताला ही युक्ती मनापासून पटली होती. गेल्या खेपेला मैदान मारूनही लेखीत ती एका मार्कानं बाहेर राहिली होती, आणि तो मार्क उच्चारस्थानाच्याच प्रश्नात गेला होता. तेव्हापासून भाकरी थापतानासुद्धा तिची जीभ टाळूला लागलेली असायची. आई म्हणायची, "पोरी, सासरी असं करू नगंस. परत आणून सोडतील."

यंदा तिनं साताऱ्यातून अर्ज भरला. मैदान झालं, लेखीचा दिवस आला. पेपर बरा होता. सरांनी बजावल्याप्रमाणे तोंडाचे, म्हणजे उच्चारस्थानाचे, प्रश्न तिनं शेवटाला ठेवले होते. त्यातला एकच राहिला: पुढीलपैकी मूर्धन्य वर्ण कोणता? पर्याय होते श, ष, स आणि ह.

स दाताशी, म्हणजे दंत्य. ह गळ्यातला, कंठ्य. राहिले श आणि ष, आणि इथंच सगळी गोची होती. आपल्याकडं शेतातला श आणि भाषेतला ष बोलताना एकाच ताटात जेवतात. नुसते म्हणून बघितले तर जीभ दोन्हींना टाळूपाशीच जाते. सरांकडं त्यावरही तोड होती. "अक्षर एकटं खोटं बोलतं, शेजाऱ्यासंगं धरा. कष्ट म्हणा, सावकाश. पुढं ट आहे, तो ष ला हाताला धरून माथ्यावर नेतो."

संयोगितानं डावा हात गळ्याला लावला, उजव्या हाताचं बोट कानात घातलं आणि मान खाली घालून सावकाश पुटपुटली: "कष्ट... कष्ट..."

"साहेब, घावली!"

हवालदार जोतीराम तिच्या डोक्याशी उभे होते. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी बंदोबस्तात काढली होती, पण कानात बारकं यंत्र घालून कॉपी करणारा एकही उमेदवार त्यांच्या वाट्याला आला नव्हता. आज आला होता.

"मी काय केलं वं?"

"चल. कानातलं काढ आणि चल."

"कानात बोट हाय माझं!"

"बोट बाहेर काढ, आतलं आमी काढतो."

जिन्यावर संयोगिता मनात हिशेब करत होती. कॉपीचं नाव लागलं तर पेपर रद्द, वर गुन्हा. जिच्यावर गुन्हा ती पोलीस कसली होणार? माडीवरचं सगळं घोकणं, पहाटेचं पळणं, एका पुटपुटण्यात गेलं.

केंद्रप्रमुख होते निरीक्षक लालासाहेब. महिला पोलिसानं संयोगिताला बाजूच्या खोलीत नेऊन तपासलं. कान, केस, चपला, सगळं बघितलं. केसातल्या दोन पिनांखेरीज काही निघालं नाही.

"कायतरी असणार साहेब," जोतीराम म्हणाले. "ही एकसारखी 'कष्ट कष्ट' म्हणत हुती. कोडवर्ड हाय तो."

"कुणाशी बोलत होतीस?" लालासाहेबांनी विचारलं.

"कुणाशी न्हाई साहेब. जीभ कुठं लागती बघत हुते. प्रश्नात असं विचारलंय की..."

"थांब!" लालासाहेब खुर्चीतून उठलेच. "पेपर चालू असताना प्रश्न सांगू नकोस. पेपर फुटला म्हणून मलाच आत घेतील. दुसरं काहीतरी सांग."

ती पुढं काही बोलणार तोवर शिपाई आणखी एकाला दंडाला धरून घेऊन आला. तिच्याच क्लासमधला अजहर. दुसऱ्या खोलीत तोही गळ्याला हात लावून बसला होता.

जोतीरामांचा चेहरा उजळला. "टोळी हाय साहेब!"

संयोगिता एकटी होती तोवर निदान वेडी ठरली असती. आता कट ठरणार.

लालासाहेबांनी अजहरला व्हरांड्यात, आवाज पोचणार नाही एवढ्या लांब उभं केलं. मग संयोगिताकडं वळले. "माझं नाव लालासाहेब. त्यातल्या व्यंजनांना जीभ कुठं लागते सांग. तुझ्या त्या पद्धतीनं."

हात आपोआप गळ्याला गेला. ओठ हलले. "ल... दंत्य. स बी दंत्य. ह कंठ्य. ब ओष्ठ्य."

"मूर्धन्य?"

"एक बी न्हाई साहेब. त्याला जीभ वर माथ्याला जावी लागती."

"बरोबर आहे. आमच्या घरीही म्हणतात, यांच्या माथ्यापर्यंत काही जात नाही."

मग ते व्हरांड्यात गेले. अजहरला त्यांनी 'कोयना' दिलं. त्यानंही गळ्याला हात, कानात बोट, तीच सगळी पूजा केली आणि सांगितलं, "क कंठ्य, य तालव्य, न दंत्य. मधला ओ कंठौष्ठ्य, सर. आधी गळा, मग ओठ गोल."

"कुणी शिकवलं?"

"मुल्ला सरांनी. शिराळ्यात, टायरच्या दुकानावर."

लालासाहेब परत आले, तेव्हा त्यांचा स्वतःचा हात गळ्याशी होता. तो त्यांनी घाईनं खाली घेतला. "हवालदार, टोळी आहे. पण व्याकरणाची. त्याला आपल्याकडं कलम नाही. सोडा दोघांना."

"पण साहेब, नियमात ओठ हलवायचं..."

"आवाज करू नये असा नियम आहे. पोरी, तोंड मिटून कर काय करायचं ते. जीभ आतच असते ना?"

"व्हय साहेब," संयोगिता म्हणाली. एवढं सोपं आजवर कुणालाच कसं सुचलं नाही, हे तिला कळेना. मुल्ला सरांना तर नाहीच. तोंड मिटलं की ते सरच उरत नसत.

ती पळतच बाकावर गेली. वेळ बराच गेला होता, पण एकच गोल भरायचा होता. ओठ मिटून तिनं मनात कष्ट म्हटलं. जीभ निमूट वळली, वर गेली आणि माथ्याला टेकली. तिनं ष चा गोल गच्च काळा केला आणि मग मोठा श्वास सोडला. शेजारची मुलगी दचकली. जोतीरामांनी बघितलं आणि पुढच्या बाकाकडं गेले. श्वासाला स्थान नसतं, एवढं तोवर त्यांनाही कळलं असावं.

घंटा झाली. पेपर देऊन ती बाहेर पडली, तर फाटकाशी अजहर उभा होता. दोघं एकमेकांकडं बघून हसत सुटली, एवढी की वडापाववाल्यानं विचारलं, "लय सोपा हुता का पेपर?"

"सोपा कसला," अजहर म्हणाला. "पण सुटला गड्या."

मागं व्हरांड्यात लालासाहेब फेरी मारत होते. दाराच्या कोपऱ्यात हवालदार जोतीराम भिंतीकडं तोंड करून उभे होते. एक हात गळ्याला, बोट कानात.

"हवालदार! कुणाशी बोलताय?"

"कुणाशी न्हाई साहेब," जोतीराम सावधान होत म्हणाले. "शिराळ्यातला ळ बघत हुतो. वर जातोय."