दह्याचा ठिपका
माधवी रोज डब्यात दहीभात आणायची, आणि त्यातलं पहिलं दही तिच्या तोंडात नाही, काचेवर जायचं. लोणावळ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात बावीस वर्षं लॅब सांभाळणाऱ्या या बाईची ती खोड सगळ्यांना ठाऊक होती. जंतू रंगवायचे असले की रुग्णाच्या नमुन्याशेजारी, त्याच काचेवर, ती दह्याचा एक ठिपका ठेवी. ताज्या दह्यातले जंतू जांभळेच दिसायला हवेत. रंगवण्यात हात चुकला तर तेही गुलाबी पडतात आणि चुगली करतात. नवे डॉक्टर आधी हसायचे, मग गप्प बसायचे.

त्या शनिवारी संकष्टी होती. डब्यात दोन केळी होती, दही नव्हतं. एका दिवसाने काय होतंय, असं म्हणून तिने काच उचलली. बावीस वर्षांचा हात म्हटल्यावर एवढी ऐट यायचीच.

नमुना होता नंदाबाईंच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्याचा. भुशी धरणाच्या वाटेवर कणसं भाजून विकणारी ही बाई सकाळी तापाने फणफणली, मान ताठ झाली, नवऱ्यालाही ओळखेना. तरुण डॉक्टर रुचिरनी पाणी काढलं तर ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. मेंदूच्या आवरणात पू झाला होता. त्यांनी एक अँटिबायोटिक आणि स्टिरॉइडचा पहिला डोस देऊन टाकला आणि म्हणाले, "माधवीताई, पुढचं तुमचा रंग सांगेल तसं."

माधवीने पाणी मशीनमध्ये फिरवून तळाचा गाळ घेतला, थोडा जंतू वाढवायला बशीत पेरला आणि उरलेल्याच्या दोन काचा केल्या. एक रंगवायला, एक न रंगवता राखून ठेवायला. हीही तिची सवय. मग जांभळा रंग मिनिटभर, आयोडीन मिनिटभर, आणि मग रंग धुऊन काढणारं द्रावण. इथेच सगळी मेख असते. जाड कवचाचे जंतू जांभळा रंग सोडत नाहीत. पातळ कवचाचे सोडतात आणि शेवटच्या गुलाबी रंगात रंगतात. द्रावण किती वेळ ठेवायचं ते माधवी घड्याळात बघत नसे. ती बेचा पाढा म्हणायची. बे एकं बे ते बे दाही वीस, की काच नळाखाली. आज द्रावणाची नवी बाटली फोडली होती. पाढा तोच म्हटला.

भिंगाखाली पू होताच, आणि त्यात जोडीजोडीने बसलेले गोल जंतू. गुलाबी.

तिने लगेच फोन केला. गुलाबी जोड्या म्हणजे शिंकेतून, खोकल्यातून पसरणारा जंतू. "मग आहे तेच अँटिबायोटिक पुरेल," रुचिर म्हणाले, "स्टिरॉइड बंद करतो. पण बाईंना वेगळ्या खोलीत हलवावं लागेल. घरच्या सगळ्यांना गोळ्या. आरोग्य खात्याला कळवायची तयारी करतो."

दहा मिनिटांनी नंदाबाईंचा नवरा गेणूभाऊ लॅबच्या दाराशी येऊन उभा राहिला. तोंडावर कुणीतरी बांधलेला मास्क, हातात फडक्यात गुंडाळलेला डबा.

"ताई, मला आत सोडंनात. रोग उडून लागतो म्हंत्यात. टपरीवर आमी चौघं हाय, वाटंवरची समदी माणसं हायेत. आता कोन थांबल आमच्यापाशी?" त्याने वॉर्डाकडे बोट केलं. "आन ती एकलीच आत. तिला कायबी समजंना, नुसती कान धरून कण्हतीया."

"कान?"

"व्हय. आठ दिस झालं कान वाहत हुता. तेल घालत हुती."

माधवी भिंगाकडे वळली. वाहत्या कानातून मेंदूकडे जाणारा जंतूही जोडीनेच बसतो. पण तो जांभळा असतो. मघाशी त्या जोड्यांची टोकं जरा निमुळती वाटली होती. रंगाच्या भरवशावर तिने तिकडे काणाडोळा केला होता.

"भाऊ, डब्यात काय आहे?"

"दही हाय. म्हशीचं, रातचं इरजान. ताप उतारला म्हंजी दोन घास खाईल म्हनून..." तो ओशाळला. "तुमचा उपास आसंल तर तुमी घ्या. उपासाला चालतंय."

माधवीने डबा अक्षरशः ओढून घेतला. दह्याचा ठिपका काचेवर पसरला, वाळवला, आणि मघासारखंच सगळं केलं. तीच बाटली, तोच पाढा. भिंगाखाली पाहिलं. दह्यातले जंतू गुलाबी होते. एकूण एक.

तिने बाटली उचलून लेबल वाचलं. नेहमीचं नुसतं अल्कोहोल नव्हतं ते, त्यात अ‍ॅसिटोन मिसळलेलं होतं. ते दोन-तीन सेकंदांत रंग धुतं. बे दाहीपर्यंत थांबलं तर जांभळ्यालाही सोडत नाही. बाटली तशीच, झाकण तसंच, आणि माधवीताईंनी वाचण्याची तसदी घेतली नव्हती. तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. नंदाबाईंचं पाणी संपलं होतं. राखून ठेवलेली, न रंगवलेली काच तेवढी उरली होती.

त्या काचेच्या कडेला तिने गेणूभाऊंचं दही लावलं. जांभळा रंग. आयोडीन. मग द्रावण थेंबाथेंबाने सोडलं. पाढा नाही, काही नाही. डोळे फक्त काचेवरून ओघळणाऱ्या रंगावर. ओघळ पांढरा होताच काच पाण्याखाली. शेवटी गुलाबी रंग.

आधी दही पाहिलं. जांभळं. मग तिने काच सरकवली. पुवाच्या पेशी गुलाबी, असायला हव्यात तशा. आणि त्यांच्या मधोमध निमुळत्या टोकांच्या जोड्या, गडद जांभळ्या.

आता फोन करायचा होता. बावीस वर्षांत माधवीने दिलेला निकाल कधी मागे घेतला नव्हता, आणि लाज कशाला लपवायची, तिने फोन उचलून एकदा परत ठेवला. मग तिने नंबर लावला.

"डॉक्टर, मी चुकले. जंतू जांभळे आहेत. द्रावण बदललं होतं, मी बघितलं नाही. बाईंचा कान आठ दिवस वाहत होता."

"नक्की?"

"दही लावून सांगतेय."

"दुसरं अँटिबायोटिक आत्ताच जोडतो," रुचिर म्हणाले. "आणि कान वाचावेत म्हणून स्टिरॉइड चालू ठेवतो. पुढचा डोस अजून चुकलेला नाही. जीव वाचला तरी हा जंतू माणसाला बहिरं करून जातो, ताई. कळवलंत ते बरं झालं."

रजिस्टरमधल्या मघाच्या नोंदीवर तिने एक सरळ रेघ मारली, खाली खरा निकाल लिहिला, आणि त्यापुढे ठळक लिहिलं, 'आधीची चूक माझी.' सही केली. मग गेणूभाऊंच्या तोंडावरचा मास्क स्वतःच्या हाताने काढला. "जा भाऊ, बसा त्यांच्याजवळ. हा तसा उडून लागणारा नाही."

दोन दिवसांनी बशीत वाढलेल्या जंतूंनीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी नंदाबाईंचा ताप उतरला, पण बाई डोळे मिटून पडलेल्या. डबा परत द्यायच्या निमित्ताने माधवी वॉर्डात गेली. खरं तर तिला दुसरंच काहीतरी बघायचं होतं, आणि ते विचारायचा धीर होत नव्हता.

गेणूभाऊ खाटेशी वाकून हाका मारत होता. "नंदे! अगं नंदे! ऐकतीस का?"

माधवीने डबा घट्ट धरला.

"नंदे!" तो ओरडलाच.

नंदाबाईंनी डोळे न उघडताच कपाळाला आठ्या घातल्या. "वरडताय कशापायी? ऐकू येतंय की मला."

माधवी दारातच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.