कपाटामागची तार

व्हर्ना फ्रीझनचा भाऊ एब्राम जन्मापासून बहिरा होता. तो आजारी पडून विनिपेगच्या इस्पितळात होता आणि ती दूर खेड्यात, म्हणून रोज संध्याकाळी दोघं व्हिडिओवर खुणांच्या भाषेत गप्पा मारत. एके दिवशी इंटरनेट गेलं. फायबरच्या डबीवर लाल दिवा लागला होता. तिने डबी बंद करून पुन्हा चालू केली, तरी दिवा लालच.

शेजाऱ्याच्या साध्या फोनवरून तिने कंपनी गाठली.

“लाल दिवा म्हणजे तारेतून प्रकाश डबीपर्यंत पोचत नाहीये, मॅडम,” तिकडची मुलगी म्हणाली. “डबीला जोडलेली बारीक तार कुठे मुडपलीय का, प्लग सैल झालाय का, तेवढं बघता? फक्त प्लगच्या टोकात डोकावू नका.”

“मी कशालाही हात लावलेला नाही. तुमचा माणूस पाठवा!” व्हर्ना फणकारली.

माणूस तिसऱ्या दिवशी आला. तार चाचपत तो कपाटापाशी थांबला आणि त्याने कपाट पुढे ओढलं. झाडलोट करताना व्हर्नानेच ते मागे रेटलं होतं. तार त्यात दाबली गेली होती. त्याने ती हलकेच मोकळी केली, तसा दिवा हिरवा झाला.

“एवढंच होतं?” तिने विचारलं.

“एवढंच. नशीब, तुटली नाही.”

इंटरनेट आलं, तसा इस्पितळाचा निरोपही आला. एब्राम आदल्या रात्री गेला होता. दोन्ही संध्याकाळी तो काळ्या पडद्यासमोर तिची वाट बघत बसला होता, असं नर्सने लिहिलं होतं.

कपाटामागे बघायला व्हर्नाला मिनिटही लागलं नसतं.