बाबांच्या वाट्याला दोन ओळी

मिरकरवाड्याच्या मच्छीमार वस्तीत दुःखाचं कंत्राट बाळाकाकाकडे होतं. कोणी गेलं की नाक्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूने श्रद्धांजली लिहायची ती त्यानेच. काळाने घाला घातला, भरून न येणारी पोकळी, आणि कोपऱ्यात ओघळणारे दोन थेंब. मेलेला देवमाणूस असो की दारुडा, मजकूर तोच. नाव तेवढं बदलायचं.

२००३ च्या जूनमध्ये त्याने हीच कला पुतणीच्या अर्जावर चालवली. योगिनी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. मुंबईत एम.एस्सी.ला नाव लागलं होतं, पण एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं. नाहीतर घरी बसायचं. अर्जासोबत एक पान निबंध हवा होता: तुम्ही कोण, हेच का शिकायचंय. दुसऱ्या वर्षाला असताना बाबा गेले होते, म्हणून काकाने पान भरून रडून घेतलं, आणि या शहाण्या मुलीने ते सुवाच्य अक्षरात उतरवून नीरजाबाईंकडे नेलं.

नीरजाबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि असल्या ट्रस्टचे अर्ज कितीतरी वर्षं तपासत आल्या होत्या. त्यांनी पान वाचलं आणि दोन बोटांत धरून टेबलावर सोडलं.

"दरवर्षी माझ्यासमोर तीस-चाळीस बाप मरतात. सगळे शांत, मितभाषी, कष्टाळू. तुझा होता का मितभाषी?"

तिचे बाबा, होडीचा म्होरक्या रामा तांडेल, आणि मितभाषी! होडीवरून त्याने हाक मारली की अख्खा धक्का मान वळवायचा. योगिनीला हसूही आलं आणि संतापही. बाईंना काळीज नव्हतंच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

घरी येऊन तिने रागारागाने दुसरं पान लिहिलं. त्यात बाबा नव्हतेच. गुण, आवडते विषय, मत्स्यविज्ञानाचं उज्ज्वल भवितव्य. घ्या म्हणावं!

"छान," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षाला एकाहत्तर टक्के, तिसऱ्याला त्र्याहत्तर, आणि मध्ये एकोणपन्नास. झोपली होतीस?"

"बाबा गेले होते, बाई. तुम्हाला माहितेय."

"मला माहितेय. अर्ज वाचणाऱ्याला कसं कळणार? रडू नको म्हटलं, लपव असं नाही म्हटलं. कॉलेजला दोन महिने आली नाहीस. काय करत होतीस?"

"धक्क्यावर जायची. होडीच्या मालकाने मासळीचं वजन लिहायला बसवलं होतं." योगिनी तुटकपणे म्हणाली. "बाबा लहान आसाचं, बारीक भोकांचं जाळं घ्यायचे नाहीत, त्यात पिल्लं अडकतात म्हणून. नवीन तांडेलाने पहिल्याच आठवड्यात घेतलं. बांगडे छोटे दिसायला लागले. मी फूटपट्टी घेऊन मोजत बसायची. वही आहे घरी."

बाईंनी चष्मा काढला.

"आणि हे तू लिहिलं नाहीस? पहिल्यात अश्रू, दुसऱ्यात भवितव्य, आणि वही घरी! मूर्ख आहेस, योगिनी."

तिसरं पान तिथेच, बाईंसमोर बसून लिहिलं गेलं. सुरुवात वहीपासून. मधोमध दोन ओळी: 'जानेवारी २००२ मध्ये माझे वडील वारले आणि मी दोन महिने कॉलेजला जाऊ शकले नाही. त्या वर्षीचे गुण त्यामुळे कमी आहेत.' पुढे लगेच जाळं, बांगड्यांची मापं, आणि त्या मापांवरून पडलेले प्रश्न, ज्यांची उत्तरं तिला मुंबईत शोधायची होती. 'दुर्दैवाने' हा शब्द बाईंनी खोडला. "वारले म्हणजे दुर्दैवानेच. वाचणाराही माणूस आहे."

संध्याकाळी बाळाकाकाने पान वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय गो? माझ्या भावासाठी दोन ओळी? परक्यांसाठी मी फळा भरतंय नि पोटची पोरगी दोन ओळी लिवते? कोण देणार तुला पैसे?"

"तुझ्या पानात बाबा होते कुठे, काका?" योगिनीचा तोल सुटला. "ते पान कुणाच्याही पोरीला चाललं असतं. तू फळाच लिहिलास."

काका काही बोलायच्या आत सगुणा, तिची आई, मासळीची टोपली धुऊन आत आली. तिला अक्षरओळख बेताचीच. काकाचं पान वाचून दाखवलं होतं तेव्हा ती चुलीपाशीच बसून राहिली होती. आता ओले हात पुसत म्हणाली, "वाच."

योगिनीने वाचलं. वारल्याच्या ओळी आल्या आणि गेल्या. सगुणा हलली नाही. मग जाळ्याचं वाक्य आलं.

"परत वाच तेवढं."

"'माझे वडील लहान आसाचं जाळं होडीवर चढू देत नसत.'"

"नसायचाच देत," सगुणा म्हणाली. "मी भांडायची. म्हणायची, बाकीचे भरून आणतात नि तू रिकाम्या टोपल्या आणतोस. शेवटच्या दिवशी सकाळीपण भांडले त्याच्यावरनं." आणि ती भिंतीला टेकून खाली बसली आणि दीड वर्षात पहिल्यांदा मोठ्याने रडली.

बाळाकाकाने खळीची वाटी पुढे सरकवली. योगिनीने पान पाकिटात घातलं, कडेला खळ लावली आणि आईजवळ जाऊन बसली.