पंचवीस गुणांचा निकष

आमच्या कॉलेजात प्रकल्प तपासायची पद्धत म्हणजे बारभाईंचा कारभार. गेल्या पाच वर्षांत जो परीक्षक आला, त्याने निकषांच्या आपल्या चार स्लाइड्स मागे ठेवल्या. प्राचार्यांनी तो सगळा गठ्ठा मला पाठवला आणि म्हणाले, "मृणाली, याचा एक तक्ता कर. निकष, भारांश, वर्णन. निवडलेला प्रकल्प मुंबईला राज्य फेरीत जाणार आहे."

आधी मी एकेक ओळ कापून टेबलावर मांडली. तेव्हा गंमत कळली. एका स्लाइडवर 'सादरीकरण', दुसऱ्यावर 'आत्मविश्वास', तिसऱ्यावर 'संवादकौशल्य'. एकाच गोष्टीची तीन नावं, आणि गुण तिन्हीकडे! बोलका पोरगा तिथेच चाळीस गुण खिशात घालत होता. उलट 'जो वापरणार त्याच्याशी बोललात का?' हा प्रश्न एका स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात होता, गुण शून्य. मला रागच आला. मी तिन्ही ओळी एकत्र करून पंधरावर आणल्या आणि त्या अनाथ प्रश्नाला पंचवीस दिले. रचनेला वीस, चाचणी आणि पुराव्याला तीस, अहवालाला दहा. बेरीज शंभर.

गुरुप्रसाद सर आमचे विभागप्रमुख. यंदा बाहेरच्या एका परीक्षकाबरोबर तेच गुण देणार होते. तक्ता वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गो मृणाली, 'चाचणी उत्तम' म्हणजे किती उत्तम? तुझं उत्तम नि माझं उत्तम एक आहे काय?"

आम्ही एक जुना अहवाल घेतला आणि दोघांनी वेगवेगळे गुण दिले. दर निकषाला चार पायऱ्या; चाचणीत मी चार दिले, त्यांनी दोन. मग 'उत्तम' खोडून, डोळ्यांना काय दिसायला हवं ते लिहिलं. चौथी पायरी: निरनिराळ्या हवामानात चाचणी, फसलेल्या वेळाही नोंदवलेल्या, कारण शोधलेलं. पहिली पायरी: एकच चाचणी, आकडे नाहीत. दुसऱ्या अहवालाला दोघांचेही तीन आले.

"आता हे वाचून मला एक पोरगी दिसते," सर म्हणाले.

कोणती, ते मला कळलं. माझ्या हाताखाली प्रकल्प करणाऱ्या संस्कृतीचा मासे सुकवायचा सोलर ड्रायर हर्णेच्या दमट हवेत तीनदा फसला होता आणि तिने ते सगळं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. तीच मुंबईला जावी असं मला मनापासून वाटत होतं.

"वर्णन चुकलं का, सर?"

"वर्णन बरोबर आहे. पण उद्या तिचा आकडा कमी आला तर याला हात लावू नकोस."

आकडा कमीच आला. दोघांनी दिलेले गुण मी संगणकात भरले. संस्कृती पंच्याहत्तर, सुजय एक्क्याऐंशी. सुजयने देवरूखच्या काजू सोलणाऱ्या बायकांसाठी पाठ न दुखणारी बैठक केली होती. त्या बायकांनी बसून पाहिली, नावं ठेवली, त्याने दोनदा बदलली. माझ्या त्या पंचवीस गुणांच्या निकषात तो चौथ्या पायरीवर. संस्कृती पहिल्या.

खोली रिकामी होती. मी पंचवीसमधले दहा काढून चाचणीच्या तिसात घातले. संस्कृती वर आली. बेरीज तरीही शंभर, कोणाला कळणार होतं? ते नाव वर पाहून मला आनंद झाला, अगदी खरा आनंद. मग लाज वाटली, तीही खरी. आकडे पूर्वीसारखे केले, यादी छापली आणि सरांकडे देऊन आले.

संस्कृतीला मीच बोलावलं. एरवी हरलेल्याला आम्ही 'छान प्रयत्न' म्हणून वाटेला लावतो. या वेळी तक्ता समोर ठेवला. तिने चाचणीपुढचे चार पाहिले, रचनेचे चार पाहिले, आणि तिचं बोट त्या एकावर थांबलं. बाजूचं वर्णन तिने मोठ्याने वाचलं, "'जे वापरणार त्यांना विचारल्याचा पुरावा नाही.'"

"रडायचं असेल तर रड गो," मी म्हटलं. रडू खरं तर मलाच येत होतं.

"नाही मॅडम. हे बरोबर आहे." तिने बोट त्या ओळीवरच ठेवलं. "मी तापमान मोजलं, वारा मोजला, माशातलं पाणी मोजलं. आमची आय वीस वर्षं हर्णेला सुकटच सुकवते. मी तिच्याच अंगणात ड्रायर मांडला होता. ती रोज त्याला वळसा घालून जायची. तिला काय वाटतं, ते मी एकदाही विचारलं नाही."

मीही तिला कधी विचारलं नव्हतं, ते अंगण कोणाचं.