व्याही यादीत नाहीत

औषधं बनवणाऱ्या त्या कंपनीत नानांचं उभं आयुष्य गेलं होतं. कारखान्याचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले, आणि जुन्या अध्यक्षांनी त्यांना हाताला धरून संचालक मंडळावर आणून बसवलं. जुने अध्यक्ष मोकळा माणूस. "आपण घरचीच मंडळी," म्हणत विषय असे उरकायचे, की चहा गार व्हायच्या आत बैठक संपलेली असे. ते आता प्रकृतीमुळे पायउतार झाले होते, आणि त्यांच्या जागी एक विमा कंपनी चालवून आलेल्या बाई अध्यक्ष झाल्या होत्या. आज त्यांची पहिलीच बैठक.

नाना तसे निवांत होते. विषयपत्रिकेवर पाचवा विषय होता थंड गाड्यांचा. लसी आणि इंजेक्शनं गोदामातून दवाखान्यांपर्यंत गारव्यात न्यायचं कंत्राट. अधिकाऱ्यांनी ज्या फर्मची शिफारस केली होती ती नानांच्या व्याह्यांची होती. लेकीचे सासरे. नानांनी घरून येतानाच नियमांतली नातेवाइकांची यादी पाहून ठेवली होती. बायको, मुलं, सून, जावई, भावंडं, सगळे होते. व्याही नव्हते. जावईही फर्ममध्ये नव्हता, तो शाळेत शिकवत होता. 'म्हणजे आपण मोकळे,' असं म्हणून नानांनी चष्मा पुसला होता.

बाई आल्या, खुर्चीत बसल्या, आणि पहिल्या विषयाआधीच म्हणाल्या, "पाच मिनिटं बोलते. मग वर्षभर हेच पुन्हा बोलायची वेळ येऊ नये अशी इच्छा आहे."

कंपनी सचिवांनी पेन उचललं.

"आपण सगळ्यांनी आपापले हितसंबंध लिहून दिलेत. कुठल्या कंपनीत शेअर आहेत, कुठे भागीदारी आहे, वगैरे. तो कागद वर्षातून एकदा भरायचा आणि विसरायचा, असं यापुढे नको. काही बदललं की लगेच सचिवांना कळवायचं. आणि प्रत्येक बैठकीचा पहिला विषय हाच राहील, की आजच्या कामात कुणाचं काही गुंतलंय का. ज्याचं गुंतलंय, त्याने सांगायचं आणि तो विषय चालू असेपर्यंत खोलीबाहेर थांबायचं. चर्चा नाही, मत नाही, गणसंख्येत मोजणं नाही. 'मी गप्प बसतो की कोपऱ्यात' हेही चालणार नाही. माणूस समोर बसला की बाकीच्यांची जीभ जड होते."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत.

"स्वतःपासून सुरुवात करते. आपल्याला बाटल्या पुरवतात त्यांच्याकडे माझी धाकटी बहीण विक्री सांभाळते. त्यांचा विषय आला की मी उठेन. त्याचे कागदही मला पाठवू नका. तुम्ही आपल्यातून कुणाला तरी तेवढ्यापुरतं अध्यक्ष करा." मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि एक. नियमातली यादी ही कमीत कमी आहे. माझं नातं त्यात बसत नाही, म्हणून मी सांगत नाही, असं कुणी म्हणू नये. उद्या बाहेरच्या माणसाला हे कळलं तर त्याच्या भुवया वर जातील का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. नात्यागोत्याशिवाय माणूस असतो का? न सांगणं मात्र मी गंभीर धरीन."

नानांना वाटलं, बाई आपल्याकडेच बघून बोलतायत. खरं तर त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. नानांना नातं आठवलं, मग फोन आठवला.

फोन असा, की पंधरवड्यापूर्वी व्याही घरी येऊन बसले होते. "काही मागत नाही हो, नुसतं त्यांनी आमच्याकडे बघावं," म्हणाले. लेकीचं घर. नाही कसं म्हणणार? नानांनी खरेदीप्रमुखाला फोन लावला. हाताखाली वाढलेला पोरगा. "अरे, ही माणसं चांगली आहेत, एकदा बघ," एवढंच.

"तर आज कुणाचं काही?" बाईंनी विचारलं.

एक संचालक नाही म्हणाले. दुसऱ्याही नाही म्हणाल्या. नानांची पाळी आली तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "पाचव्या विषयातली फर्म माझ्या व्याह्यांची आहे. यादीत ते नाहीत, पण... आहेत."

"बरं झालं सांगितलंत," बाई सहज म्हणाल्या. सचिवांनी लिहून घेतलं. आता संपलं, असं नानांना वाटतंय तोच बाईंनी विचारलं, "या कामाबद्दल कंपनीतल्या कुणाशी बोलणं झालं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. खरेदीप्रमुख काही नानांना तोंडघशी पाडणारा नव्हता. नानांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"झालं होतं. खरेदीप्रमुखांना मी फोन केला होता. बघा म्हणालो."

"तेही इतिवृत्तात घ्या," बाई सचिवांना म्हणाल्या, आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.

पाचवा विषय आला तेव्हा नाना उठले. इतक्या वर्षांत त्या दारातून ते मध्येच कधी बाहेर पडले नव्हते. बाहेर पाहुण्यांच्या सोफ्यावर, शाळेतून वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे बसून राहिले. थोड्या वेळाने, माहिती द्यायला बोलावलेला खरेदीप्रमुख आतून बाहेर आला. कपाळावर घाम होता.

"परत पाठवला विषय," तो शेजारी बसत म्हणाला. "दुसऱ्या अधिकाऱ्यांनी नव्याने तपासायचा. मला त्यात घेणार नाहीत."

"माझ्यामुळे तुला बोलणी बसली."

"तसं नाही, नाना." तो घुटमळला. "त्यांच्या निम्म्या गाड्यांत वाटेतलं तापमान नोंदवायचं यंत्रच नाही. आम्ही इतरांना त्यावरून बाद केलं. यांना म्हटलं, बसवतील पुढे."

नाना चमकले. "अरे, मी फक्त बघ म्हणालो होतो!"

"तुम्ही बघ म्हणालात की आम्ही काय करायचो कारखान्यात? बघायचो नुसतं?"

लस वाटेत तापली तर तिचं पाणी होतं, आणि बाटलीवरून ते कुणाला कळत नाही. हेच त्यांनी या पोराला कधीकाळी शिकवलं होतं.

त्यांना आत बोलावलं तेव्हा सहावा विषय चालू होता. बाईंनी खुर्चीकडे हात केला आणि विचारलं, "कारखान्याच्या छपराबद्दल तुमचं मत हवंय. बोला." नाना बोलले. आवाज सुरुवातीला नीट लागला नाही, मग लागला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे व्याह्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आत तुम्ही सांगा." नानांनी फोन केला. व्याह्यांनी ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाले, "मदत नाही तर नाही, निदान मोडता तरी घालायचा नव्हता." आणि फोन ठेवला.

नव्या तपासणीत कंत्राट दुसऱ्या फर्मला गेलं. पुढे बरेच दिवस व्याह्यांकडून निरोप यायचा तो लेकीमार्फतच. ती एकदा माहेरी आली तेव्हा नानांनी भीतभीतच विचारलं, "तुला त्रास होतोय का गं?"

"सासरे घुश्शात आहेत," ती चपला काढत म्हणाली. "सासूबाई म्हणतात, बरं झालं, आता तरी ती यंत्रं बसवतील. दोघांचं त्यावरून रोज वाजतं. मला कुणी काही विचारत नाही, मी मजेत आहे."

"आणि जावई?"

"तो म्हणतो, तुझ्या बाबांना भेटायला जाऊ, पण गाड्यांचा विषय काढायचा नाही."

"या की," नाना म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला स्वतःच आत गेले.