चारशे बारा पुन्हा उघडली

चारशे बारा नंबरची तक्रार सतराव्यांदा उघडली, तेव्हा आत्याबाईंनी हातातलं सफरचंद खाली ठेवलं. आत्याबाई कोणाच्याही सख्ख्या आत्या नव्हत्या. ऑफिसात कामाचा दर्जा सांभाळायची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि कोणाचंही काम बघताना त्यांचा चेहरा असा होई, की समोरच्याला आपण नाक न पुसता पाहुण्यांसमोर आलोय असं वाटे. म्हणून आत्याबाई.

ऑफिसात दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. पेशंटची वेळ ठरवणं, बिल करणं आणि आदल्या दिवशी पेशंटला आठवणीचा मेसेज पाठवणं. चारशे बाराचं म्हणणं मुळात एवढंच होतं, की हा मेसेज दोनदा जातो. एका आजोबांना दोन मेसेज आले म्हणून ते दोनदा दवाखान्यात जाऊन बसले, आणि दुसऱ्यांदा डॉक्टरांनी भिडेपोटी त्यांचा आणखी एक दात तपासला. एवढ्याशा गोष्टीने महिनोन्‌महिने सगळ्या मजल्याला पिदवलं होतं.

दुरुस्ती करायची होती 'झालंच'ने. हा पोरगा कामात हुशार, पण केव्हाही विचारा, "झालंच!" म्हणायचा. आणि ती दुरुस्ती तपासायची होती वहिनीने. वहिनी म्हणजे झालंचची खरोखरची वहिनी, त्याच्या थोरल्या भावाची बायको. दोघं एकाच घरात राहत आणि एकाच रिक्षाने ऑफिसला येत. पुढे अख्खं ऑफिसच तिला वहिनी म्हणू लागलं. साहेबसुद्धा. साहेबांचं वय तिच्या वडिलांएवढं होतं, पण त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं.

त्या सकाळी साहेबांनी आत्याबाईंना आत बोलावलं. भिंतीवर त्यांचा लाडका आलेख होता: नव्या तक्रारींची रेघ, घसरगुंडीसारखी खाली उतरलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती नातवाच्या फोटोसारखी दाखवत.

"नव्या तक्रारी बघा कशा आटल्या," ते म्हणाले. "आणि त्यात हा एक गडी! एकच काम, सतरा वेळा परत. शुक्रवारी मी त्याला इथून काढून रात्रपाळीच्या फोनवर बसवतो. रात्रभर डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या की कळेल."

"शुक्रवारपर्यंत मला बघू द्या," आत्याबाई म्हणाल्या.

"बघा, बघा. पण मला माहितेय काय आहे ते. घरचं भांडण आहे. दीर-भावजय."

ही शंका आत्याबाईंनाही होतीच. म्हणून त्यांनी आधी दोघांना कॅन्टीनच्या कोपऱ्यात समोरासमोर बसवलं.

"भावजी घरी भांडी घासतात," वहिनी म्हणाली, "आणि 'झालंच' म्हणतात. मी कढई परत करते. तसंच इथं करते. यात भांडण कसलं?"

"आत्या, कढई स्वच्छ असते हो! हिला डाग दिसतात."

"डाग असतात म्हणून दिसतात."

"दादाला विचारा!"

"तुमच्या दादाला कढईतला डाग काय, कढईसुद्धा दिसत नाही."

आत्याबाईंनी दोघांकडे नीट पाहिलं. माणसं रागावलेली असली की एकमेकांच्या ताटातलं खात नाहीत. वहिनी बोलता बोलता झालंचच्या ताटातले वाटाणे वेचून खात होती आणि झालंच तिच्या पाण्याने हात धूत होता. भांडणाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

"सतरापैकी किती वेळा तू परत केलीस?" आत्याबाईंनी विचारलं.

वहिनी वाटाणा हातात धरून थांबली. "मी? एकदाच."

"मग बाकीच्या?"

"मला वाटलं, भावजीच अजून काहीतरी शिल्लक ठेवतायत."

"आणि मला वाटलं, तूच परत करतेयस!" झालंच म्हणाला. "घरी विषय नको म्हणून गप्प बसलो!"

आत्याबाई जागेवर आल्या आणि त्यांनी चारशे बाराचा सगळा इतिहास उघडला. कोणी उघडली, कोणी बंद केली, काय कारण लिहिलं, सगळं तिथे होतं. आजवर ते सलग कोणी वाचलं नव्हतं, कारण सगळे फक्त आकडा बघत. आकडा बघायला सोपा.

पहिल्यांदा तक्रार पुन्हा उघडली होती ती खरीच: मेसेज अजून दोनदा जात होता. दुरुस्ती बरोबर होती, पण ती झालंचच्या स्वतःच्या मशीनवर होती. तपासणीच्या मशीनवर ती चढायच्या आधीच त्याने "तपासायला तयार" असं लिहून टाकलं होतं. वहिनीने जुनंच तपासलं आणि परत केलं. नवं चढल्यावर तिने पुन्हा तपासलं, तेव्हा मेसेज एकदाच गेला. तक्रार तिथेच संपायला हवी होती.

त्यापुढे गंमत होती. नंतरच्या वेळी मेसेज एकदाच जात होता, पण पहाटे. त्यानंतर वेळ बरोबर, पण पेशंटच्या नावाऐवजी डॉक्टरांचं नाव. डॉक्टरांनी स्वतःलाच "आपला दात काढायचा आहे" असं कळवलेलं. हेही मेसेजबद्दल होतं, म्हणून समजण्यासारखं. पण पुढे? बिलावरचा लोगो पुसट येतो. छपाई वाकडी होते. विक्रीवाल्याने लिहिलं होतं, की निळ्या बटणाने ग्राहकाला उदास वाटतं. आणि चौदाव्यांदा तक्रार स्वागतकक्षातल्या ताईने उघडली होती: "बैठकीच्या खोलीतली खुर्ची कुरकुरते."

आत्याबाईंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. खुर्चीच होती.

खाली स्वागतकक्षात जाऊन त्यांनी विचारलं, "ताई, दातांच्या मेसेजमध्ये खुर्ची कशी आली गं?"

ताई जराही लाजली नाही. "मग कुठे टाकू? नवीन तक्रार टाकायची तर साहेबांची परवानगी लागते. परवानगी मागितली की ते म्हणतात, मंगळवारच्या बैठकीत मांडा. बैठकीत ते म्हणतात, खरंच गरज आहे का? आणि ती बैठक त्या खुर्चीवर बसूनच होते! जुनी तक्रार परत उघडायला मात्र एकच बटण. परवानगी नको, बैठक नको."

"पण चारशे बाराच का?"

"ती सगळ्यांना पाठ आहे ना. कोणाला काही सांगायचं असलं की सगळे म्हणतात, चारशे बारात टाक."

आत्याबाई जिना चढता चढता थांबल्या. परवानगीचा नियम केव्हा आला ते त्यांना ठाऊक होतं. साहेबांनीच काढला होता, नव्या तक्रारी कमी दिसाव्यात म्हणून. नियम निघाला आणि आलेखाची रेघ खाली घसरली. त्याच आठवड्यापासून चारशे बारा वारंवार उघडू लागली. दुखणी तेवढीच होती, फक्त सगळी एकाच खाटेवर येऊन झोपली होती. आणि खाटेवर नाव होतं झालंचचं. कोणी काहीही टाको, परत आलेलं काम त्याच्याच नावावर पडे, आणि त्याला दिसे फक्त काम; टाकणाऱ्याचं नाव इतिहासातच राही. बिचाऱ्याने बटणाचा रंग बदलला, लोगो ठळक केला. खुर्चीलासुद्धा त्याने तेल घातलं होतं, आणि खाली इमानदारीने लिहिलं होतं, "दुरुस्त केले, तपासावे." वहिनी जाऊन बसून आली होती आणि तिने ते पास केलं होतं.

शुक्रवारी आत्याबाई साहेबांच्या खोलीत गेल्या, तर साहेब आधीच तापलेले.

"हे बघा!" त्यांनी फोन पुढे केला. "आपलंच सॉफ्टवेअर माझ्या डॉक्टरांकडे आहे. मला मेसेज काय आलाय? 'बाळाचा दुधाचा दात काढण्यासाठी उद्या आईबाबांसोबत यावे.' मला! माझे आईबाबा कुठून आणू? त्या झालंचला आत्ताच्या आत्ता हलवतो."

"हे फार गंभीर आहे," आत्याबाई गंभीरपणे म्हणाल्या. "लगेच नोंदवा, साहेब. म्हणजे पुरावा राहील."

साहेब तावातावाने कॉम्प्युटरसमोर बसले. 'नवीन तक्रार'वर दाबलं. परवानगी देणाऱ्याचं नाव विचारलं गेलं. साहेबांनी स्वतःचं टाकलं. स्वतःच्या तक्रारीला स्वतः परवानगी देता येत नाही, असं उत्तर आलं.

"हा नियम कोणी केला?"

आत्याबाईंनी छताकडे बघितलं.

"मग आता?"

"मंगळवारच्या बैठकीत मांडावं लागेल. तिथे विचारतील, खरंच गरज आहे का."

"माझा दात उद्या आहे!" साहेब म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहिलं. आत्याबाई खिडकीतून बाहेर बघण्यात गुंग झाल्या. मागे माऊस टिकटिकला. मग टाइप केल्याचा आवाज, घाईघाईचा.

आत्याबाई वळल्या. पडद्यावर चारशे बारा उघडलेली होती.

"अठरावी," त्या म्हणाल्या. "आणि झालंचच्या नावावर."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, जणू बटण हाताने परस्पर दाबलं होतं. आत्याबाई त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी इतिहास वरून खाली दाखवला. पोराची खरी चूक एकच: तपासणीच्या मशीनवर चढायच्या आधी "तयार" म्हणण्याची. बाकी लोगो, बटण, खुर्ची, दुधाचा दात.

"म्हणजे सतराही..." साहेब थांबले. "तो सुधारत नव्हता असं नाही."

"सुधारत होता, साहेब. प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी."

साहेबांनी भिंतीवरच्या रेघेकडे बोट केलं. "हा नियम काढला तर ही वर जाईल."

"जाईल. जितक्या तक्रारी खरोखर आहेत तितकी."

"वरचे साहेब मला विचारतील."

"त्यांना सांगा, आता आपल्याला दिसतंय. आणि ते ओरडलेच, तर रात्रपाळीच्या फोनवर एक जागा रिकामी आहेच."

साहेब हसावं की रागवावं अशा अवस्थेत राहिले, आणि मग हसले. पण जरा बेतानेच.

सोमवारी परवानगीचा नियम गेला. चारशे बाराच्या पोटातून अजून शिल्लक असलेलं एकेक दुखणं काढून त्याला स्वतंत्र नंबर दिला गेला. भिंतीवरची रेघ अशी उभी चढली, की साहेबांनी तिच्यासमोर कुंडी आणून ठेवली. वहिनीने मूळचं, म्हणजे मेसेज दोनदा जाण्याचं, तपासणीच्या मशीनवर पुन्हा चालवून पाहिलं आणि चारशे बारा बंद केली. ती बंदच राहिली.

झालंच जागेवर राहिला. साहेबांच्या दुधाच्या दाताचं नवं काम त्याच्याकडेच आलं. पण या वेळी कामाला हात लावायच्या आधी तो स्टूल उचलून वहिनीच्या टेबलाशी गेला.

"वहिनी, आधीच सांग. तू यात काय काय बघणार आहेस?"

"लिहून घ्या, भावजी. पेशंट मोठा, पेशंट लहान. लहान पेशंट मोठा झाला तर. एकाच फोनवर बाप आणि मुलगी. वाढदिवसाची तारीखच टाकली नाही तर..."

"अगं, पण एवढं—"

"पेन चालतंय का तुमचं?"

झालंचने पेन झटकलं आणि लिहायला लागला. पलीकडून जाताना आत्याबाईंनी बघितलं, कागदाची एक बाजू भरून त्याने तो उलटला होता.