खरा मालक कोण?

बँकेत लागून आठवडा झाला नाही तोच आम्हा नव्यांना परीक्षेला बसवलं. बँकेच्या धोरणाचं जाडजूड पुस्तक कोणी वाचत नाही, म्हणून प्रशिक्षणाच्या मॅडमनी त्यातूनच प्रश्न काढले होते. ग्राहक ओळखा, काळा पैसा पकडा. पास झाल्याशिवाय काउंटर मिळणार नव्हता, म्हणून मी घोकंपट्टी करून गेले होते.

नववा प्रश्न वाचला आणि हात थांबला. ‘एका कंपनीचे सगळे शेअर एका विधवा गृहिणीच्या नावावर आहेत. ती कोऱ्या चेकवर सह्या करते, कारभार दीर बघतो. अनोळखी खात्यांतून मोठ्या रकमा येतात आणि लगेच बाहेर जातात. खरा लाभार्थी मालक कोण?’

आमच्या घरी काका चेकबुक घेऊन येतात. आई गॅस बारीक करते, पदराला हात पुसते आणि सह्या करते. आईच्या नावावर खोके बनवायची कंपनी आहे म्हणे! खोका मी आजवर एकही पाहिलेला नाही. पण बाबा गेल्यावर आमचं भाडं, माझी फी, सगळं काकांनीच भरलं. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आई म्हणते. म्हणून आम्ही कधी काही विचारलं नाही.

उत्तर सोपं होतं: ‘प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे तो दीर.’ खूण केली. पुढचा प्रश्न: संशय आल्यास ग्राहकाला सांगावं का? नाही. फक्त वरच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवावं, ग्राहकाला सुगावा लागू देऊ नये. तिथंही खूण केली.

सगळे गेल्यावर मॅडमना विचारलं, “नववा प्रश्न कुणाच्या खात्यावरून काढलात?”

“कुणाच्याच नाही गं. पुस्तकातलं उदाहरण आहे. असे दीर गल्लोगल्ली सापडतील.”

“आमच्या घरात एक आहे. खातं आपल्याच बँकेत आहे. ती बाई माझी आई.”

मॅडमनी उठून दार लावलं.

“लिहून दे. मी वर पाठवते. त्या खात्याला आता तू हात लावायचा नाहीस. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही.”

“आईलासुद्धा?”

“सह्या तिच्याच आहेत ना?”

मी लिहून दिलं. काकांचा राग येत होताच, पण आईच्या भाबडेपणाचा त्याहून जास्त आला, आणि मग रडूच फुटलं.

संध्याकाळी काका घरी हजर. “काय बँकवाल्या बाई! वहिनींना परवाच केवायसीची नोटीस आलीय, तूच उरकून टाक. घरचं माणूस आत असल्यावर कसली चिंता?”

“मला अजून काउंटर मिळालेला नाही,” मी म्हणाले.

त्यांनी हसत चेकबुक उघडलं. आईनं गॅस बारीक केला.

“परीक्षेत किती मिळाले गं?” पेन हातात घेत तिनं विचारलं.

“पैकीच्या पैकी.”

तिचा चेहरा उजळला. माझ्याकडे कौतुकानं बघतच तिनं पहिल्या चेकवर सही केली.